आजोबांचा गणवेशातील फोटो कसा वाचावा?

आपल्या वस्तीत अनेक घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी एक पिवळा पडलेला फोटो असतो. “आजोबा मिलिटरीत होते,” एवढेच घरात माहीत असते. कागदपत्रे नसतात. पण गणवेश बोलतो. तो नाव सांगत नाही, परंतु नोकरीचा काळ आणि दर्जा यांचा अंदाज नक्की देतो.

समजा, फोटोत दंडावर खाली टोक केलेल्या दोन फिती आहेत. एक फीत लान्स नायकाची, दोन नायकाची, तीन हवालदाराची. म्हणजे हे नायक. खांद्यावर तारा असता, तर त्याखालची आडवी पट्टी पाहावी लागली असती. पट्टी असेल तर जमादार किंवा सुभेदार, नसेल तर वरचा अधिकारी. जमादार या दर्जाला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात.

आता छातीवरची पदके पाहू. दोन सहा टोकांचे तारे आणि एक गोल पदक आहे. तारे दिसायला सारखेच असतात; फरक फितीत आणि मधल्या अक्षरांत. भिंगातून एकावर बर्मा हे नाव लागले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ ब्रह्मदेशाच्या आघाडीशी संबंधित होते. गोल पदकाच्या फितीत तीन सारखे पट्टे दिसतात. भगवा, पांढरा, हिरवा असे ते असतील, तर ते स्वातंत्र्य पदक, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी हे गृहस्थ सैन्यात होतेच. फोटोही त्यानंतरचाच.

टोपीवरच्या बिल्ल्यात एकमेकींवर आडव्या मशीनगन आणि मध्ये कोरेगावचा स्तंभ आहे. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, तेव्हा बिल्ल्यावर स्तंभ होता. मशीनगन १९४६ नंतर आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

येथेच चूक होते. बिल्ला फोटो काढला त्या दिवसाचा असतो. ब्रह्मदेशात ते दुसऱ्या पलटणीत असू शकतात. फितीही त्या दिवसाच्याच. पुढे ते हवालदार झाले असतील. शिवाय काही जुन्या फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट येतो, म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोत फितीचा रंग ठामपणे सांगू नये. पदके उजव्या छातीवर दिसली, तर फोटो उलटा छापला आहे का ते कोटाच्या बटणांवरून पाहावे. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. बटणे बरोबर असतील, तर वारलेल्या नातेवाइकाची पदके दुसऱ्याने लावलेली असू शकतात.

म्हणून आम्ही फोटोच्या मागे पेन्सिलने एवढेच लिहू: “नायक. ब्रह्मदेश आघाडी. बहुधा १९४७ मध्ये नोकरीत. नंतर महार रेजिमेंट.” नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहावे.