माडाची माडी, बोंडांची फेणी

माडीला चूल लागत नाही. माडाची न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतात, काही दिवस रोज हलक्या हाताने ठोकतात आणि टोक कापतात. मग रस थेंबथेंब पाझरून खाली बांधलेल्या मडक्यात जमतो. गोव्यात या रसाला सूर म्हणतात आणि तो काढणाऱ्याला रेंदेर. सकाळ-संध्याकाळ तो सूर उतरवतो आणि दुपारी पुन्हा माडावर चढून पोयीचा पातळ काप घेतो, कारण काप सुकला की रस थांबतो.

मडक्यात पडल्यापासूनच रस आंबू लागतो. पहाटेची माडी गोड आणि किंचित फेसाळ लागते, दुपारी आंबटसर होऊन चढू लागते, आणि तशीच ठेवली तर तिचा शिरका होतो. सान्नांचे पीठ फुगवायला तीच वापरतात. आंबणे रोखायचे असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. तेव्हा हातात येते ती नीरा.

काजूच्या फेणीला मात्र आगीची जोड हवी. मार्च ते मे या दिवसांत झाडाखाली आपोआप पडलेली बोंडेच वेचायची. तोडलेले बोंड पुरते पिकलेले नसते आणि त्याचा तुरटपणा दारूत उतरतो. बी काढून बोंडे दगडी कुंडीत पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा गोळा करून त्यावर जड दगड ठेवला की जो स्वच्छ रस गळतो, तो नीरो. तो ताजाच, थंड करून पितात.

तुडवून निघालेला रस मडक्यात सुमारे तीन दिवस आंबतो. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. बुडबुडे मंदावले की तो भाटीवर चढवायचा. उशीर झाला तर आंबटपणा वाढतो आणि दारू कमी उतरते. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते आणि त्यावर सतत पाणी ओतून ती थंड करतात. खरे कसब आग मंद ठेवण्यात आहे. जाळ मोठा झाला की रस तळाला लागतो, आणि तो करपट वास पुढे कशानेच जात नाही.

पहिल्या धारेला उतरते ती उर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काची. उर्राकीत आंबलेला ताजा रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की ४० टक्क्यांच्या वरची फेणी होते. तिचा वास उग्र, पिकलेल्या बोंडाचा. घोट आधी घशाला झोंबतो, मग फळाची चव मागे राहते. हा वास ज्या बाटलीत नाही, ती फेणी मला तरी खरी वाटत नाही. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

पहिल्यांदाच चव घेणार असाल, तर फेणीऐवजी उर्राकीपासून सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये गोव्यात असाल तेव्हाच प्या, कारण ती हंगामापुरतीच असते. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातली की ती आणखी छान लागते.