‘बघते’ नको, सरळ ‘नाही’ म्हणा!

शुक्रवारी संध्याकाळी टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला : ‘पुढचा वीकेंड पवना! कोण कोण येतंय?’ पाच मिनिटांत दहा अंगठे. आणि माझ्या पोटात गोळा!

कारण गेल्या वर्षी मी याच प्रश्नाला ‘बघते गं, जमवते’ असं गोड उत्तर दिलं होतं. आयोजकाने ते ‘हो’ धरलं. बंगला आणि गाडी मिळून २६,४०० रुपये, बारा जण, म्हणजे माणशी २,२००. घरच्या कार्यक्रमामुळे मी आदल्या रात्री गळाले आणि उरलेल्या अकरा जणांना माणशी २,४०० पडले. कोणी बोललं नाही. पण सोमवारी चहाला मला हाकही मारली नाही.

यंदा आई दोन वर्षांनी मावशीकडे नाशिकला निघाली होती. आजीला रात्री एकटीला उठवत नाही, म्हणून तिच्याजवळ मी थांबणार होते. त्याच संध्याकाळी मी आधी आयोजकाला वेगळं कळवलं, म्हणजे ग्रुपवर वाचून त्याचा मूड जायला नको. मग ग्रुपवर लिहिलं :

‘मंडळी, या वेळी मी नाही. आई नाशिकला चाललीय, आजीजवळ मी आहे. मला न धरता बुकिंग करा. स्पीकर शुक्रवारी ऑफिसात आणून देते. सोमवारी फोटो आणि गॉसिप दोन्ही पाहिजे!’

‘नाही’ पहिल्याच ओळीत, कारण एकच आणि खरं. तब्येतीचा बहाणा केलात, तर रविवारी एखादी मावसबहीण फोटोत टॅग करून तुमचं बिंग फोडतेच! आणि ‘मला न धरता’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. बुकिंगच्या आधी ते गेले, तर तुमच्या नकाराचं बिल दुसऱ्याला भरावं लागत नाही.

तरी एकीने लिहिलंच, ‘अगं, एक रात्र कुणीतरी बघेल की आजीकडे!’ इथे घसरायला होतं. आपण दुसरं कारण देतो, मग समोरचे त्यावर तोडगा काढतात : ‘सकाळी निघून ये, आम्ही पिकअप करतो.’ मी एवढंच लिहिलं, ‘नाही गं, या वेळी पक्कं. पुढच्या बुधवारी लंचला मात्र मी आहेच.’ नुसत्या ‘पुढच्या वेळी नक्की’वर कोण विश्वास ठेवतं? वार सांगितला की ठेवतात.

अर्थात, हे मित्रमंडळींच्या सहलीपुरतं. ऑफिसने ठरवलेली ऑफसाइट असेल, तर ग्रुपवर लिहिण्याआधी बॉसशी बोला.

शनिवारी रात्री पवन्याचे फोटो धडाधड येत होते. आजीने विचारलं, ‘कोणाचे गं एवढे मेसेज?’ म्हटलं, ‘ऑफिसचे. स्पीकर मस्त वाजतोय म्हणतायत.’