दोन जीबी फुकट, पुढे पैसे

ड्रू ह्यूस्टन हा एमआयटीत शिकलेला तरुण एकदा बसने बॉस्टनहून न्यूयॉर्कला निघाला. लॅपटॉप जवळ होता, पण ज्या पेनड्राइव्हवर सगळं काम होतं तो घरीच राहिला होता. तो वैतागला आणि बसमध्येच कोड लिहायला बसला. आपल्या फायली कोणत्याही संगणकावर आपोआप हजर व्हाव्यात, एवढीच त्याची अपेक्षा होती. 2007 मध्ये त्याने अराश फर्दोसीला जोडीला घेऊन कंपनी काढली, आणि सप्टेंबर 2008 मध्ये ‘ड्रॉपबॉक्स’ सर्वांसाठी खुलं झालं. 2 जीबी जागा कायमची फुकट, त्याहून जास्त हवी असेल तर वर्षाला 99 डॉलर.

गाण्यांची, भाषा शिकवणारी, व्हिडिओ कॉलची अॅप आज याच पद्धतीने चालतात: साधी सेवा मोफत आणि पुढच्या पायरीला वर्गणी. या पद्धतीला ‘फ्रीमियम’ म्हणतात. कंपनी फुकट का देते, हे ड्रॉपबॉक्सच्या हिशेबातून फार स्वच्छ दिसतं, कारण तिने आपले आकडे वेळोवेळी उघडपणे मांडले आहेत.

कंपनीने सुरुवातीला इतरांसारखीच वाट धरली होती. गूगलवर जाहिराती दिल्या, कोणी संबंधित शब्द शोधला की जाहिरात दिसे, आणि क्लिकमागे पैसे मोजावे लागत. हिशेब मांडला तेव्हा पैसे भरणारा एकेक ग्राहक मिळवायला 233 ते 388 डॉलर खर्च होत असल्याचं निघालं. विकायची वस्तू 99 डॉलरची. म्हणजे पहिल्या वर्षी प्रत्येक ग्राहकामागे नुकसान पक्कं. पैसे वसूल व्हायला तो तीन-चार वर्षं टिकायला हवा, आणि तो टिकेल याची खात्री कोण देणार?

जाहिरात फसली याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दात दुखला की माणूस दंतवैद्य शोधतो. पण आपल्या फायली आपोआप सगळीकडे पोहोचू शकतात हे ज्याला ठाऊकच नाही, तो गूगलवर काय शोधणार? अशी वस्तू वर्णन ऐकून पटत नाही, महिनाभर वापरली की पटते. मग जाहिरातीवर उधळायचे पैसे थेट वापरणाऱ्याच्या जागेवर का खर्च करू नयेत, असा विचार झाला. फुकटचे 2 जीबी हा कंपनीच्या वहीत जाहिरातीचाच खर्च होता. फरक एवढाच, की ही जाहिरात बघणाऱ्याच्या रोजच्या उपयोगी पडत होती.

शिवाय ती स्वतः पसरत होती. मित्राला बोलावलं, त्याने खातं उघडलं, की दोघांनाही 250 एमबी जादा जागा मिळे. एखाद्याने लग्नाच्या फोटोंचं फोल्डर नातेवाइकांसाठी सामायिक केलं, की तेही खातं उघडत. सप्टेंबर 2008 मध्ये साधारण एक लाख लोक ड्रॉपबॉक्स वापरत होते, जानेवारी 2010 मध्ये ही संख्या 40 लाखांवर गेली. कधीच पैसे न भरणारा माणूसही कंपनीला का परवडतो, याचं उत्तर इथे आहे. तो स्वतः देत नाही, पण देणाऱ्याला घेऊन येतो.

पण किती जण देतात? मार्च 2018 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा सादर केलेल्या कागदपत्रांत नोंदणीकृत वापरकर्ते 50 कोटींहून जास्त आणि पैसे भरणारे 1 कोटी 10 लाख असा आकडा होता. शंभरातले जेमतेम दोन. या दोघांकडून वर्षाकाठी सरासरी 112 डॉलर येत होते, आणि त्यातूनच 2017 ची 110 कोटी डॉलरची मिळकत उभी राहिली होती. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा भार याच दोघांच्या खांद्यावर.

म्हणून फ्रीमियमचं सगळं गणित एका प्रश्नावर येऊन थांबतं: फुकट्या माणसामागे खरा खर्च किती? ड्रॉपबॉक्सने फायली बरीच वर्षं अॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या. 2015-16 च्या सुमारास बहुतेक फायली स्वतःच्या यंत्रणेवर हलवल्या आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचवले. सेवा चालवण्याचा खर्च वजा जाता दर 100 डॉलरमागे 2015 मध्ये 33 डॉलर उरत होते, ते 2017 मध्ये 67 झाले. तरीही त्या वर्षी कंपनी 11 कोटी डॉलरहून अधिक तोट्यातच होती. डिजिटल वस्तूची पुढची प्रत जवळजवळ फुकट पडते, हे खरं. पण त्यातल्या ‘जवळजवळ’ला 50 कोटींनी गुणलं की रक्कम लहान राहत नाही.

दुसरा अवघड निर्णय म्हणजे रेघ कुठे मारायची. मोफत हिस्सा फार तोकडा ठेवला तर सवय लागायच्या आत माणूस निघून जातो, फार सढळ ठेवला तर त्याला पैसे द्यायचं कारणच उरत नाही. त्यात शेजारचा दुकानदार रेघ पुढे सरकवू शकतो. गूगल ड्राइव्ह एप्रिल 2012 मध्ये 5 जीबी फुकट घेऊन आलं आणि पुढच्याच वर्षी जीमेल व फोटोंसकट ही हद्द 15 जीबी झाली. ड्रॉपबॉक्स 2 जीबीवरच राहिलं. उलट मार्च 2019 मध्ये त्याने मोफत खात्याला तीनच उपकरणांची मर्यादा घातली. फोन, घरचा संगणक आणि ऑफिसचा लॅपटॉप झाला की चौथ्याला पैसे. जागेपेक्षा ही रेघ हुशार होती, कारण चार उपकरणांवर काम करणाऱ्याला या सेवेची खरी गरज असते आणि पैसे देण्याची तयारीही बहुधा असते.

रेघच न मारण्याचा प्रयोग कंपनीच्या अंगाशी आला. संस्थांसाठीच्या एका महागड्या योजनेत हवी तेवढी जागा देण्याचं वचन होतं. काहींनी ती क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी वापरली, काहींनी जागा परस्पर विकली. असे ग्राहक खऱ्या व्यावसायिक ग्राहकापेक्षा हजारो पट जागा खात असल्याचं सांगून ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीने ते वचन मागे घेतलं.

ग्राहकाच्या बाजूने यातला सर्वांत कळीचा क्षण रेघ सरकते तो असतो. गूगल फोटोजने 2015 पासून थोडे दाबलेले फोटो अमर्याद आणि मोफत ठेवू दिले. बाळाच्या पहिल्या पावलापासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं तिथे जमा झालं. 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीत मोजले जाऊ लागले. जुने सुरक्षित राहिले, पण हजारो फोटो उतरवून दुसरीकडे हलवण्याच्या कटकटीपेक्षा महिन्याची छोटी वर्गणी सोपी वाटते. कंपनी मोफत वर्षांची किंमत इथे वसूल करते. यात फसवणूक नाही, पण आपला माल जिथे ठेवतो तिथून तो सहज बाहेर काढता येतो का, हे सुरुवातीलाच तपासायला हवं.

एकदा वर्गणी सुरू झाली की ती आपोआप कापली जाते, आणि विसरलेल्या वर्गण्यांवरही बऱ्याच कंपन्यांची कमाई होते. भारतात त्याला थोडा आळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापण्याआधी किमान 24 तास बँकेने ग्राहकाला कळवावं लागतं, आणि तो व्यवहार किंवा ती परवानगीच रद्द करण्याची सोय द्यावी लागते. बहुतेक वर्गण्यांसाठी ओटीपीशिवाय कपातीची मर्यादा जून 2022 मध्ये 5,000 वरून 15,000 रुपये झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करण्यालाही अनुचित प्रथांच्या यादीत टाकलं. ‘फ्री ट्रायल’च्या नावाखाली कार्डाचा तपशील आधीच मागणाऱ्या योजनांना हे नियम थेट लागू पडतात, आणि बँकेचा तो आगाऊ एसएमएस वाचून तिथल्या तिथे परवानगी काढून घेता येते.