लग्न झालं का गं तुझं?

बँकेची, विजेच्या बिलाची किंवा रेल्वे-तिकिटाची चॅट-सेवा पहिल्यांदा उघडणारा माणूस लगेच कामाचं विचारतोच असं नाही. आधी 'तुझं नाव काय' होतं, मग वय, गाव, आणि थोडी भीड चेपली की 'लग्न झालं का'. आपल्याकडे अनोळखी माणसाशी ओळख याच क्रमाने होते. समोर यंत्र आहे हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं. तो गंमत करत असतो आणि त्याच वेळी या नव्या गोष्टीशी कसं बोलायचं हे चाचपूनही बघत असतो.

या प्रश्नांची उत्तरं कुणीतरी बसून ठरवलेली असतात. जुन्या पद्धतीच्या सेवांत प्रश्नागणिक उत्तर लिहून ठेवलेलं असतं. नव्या सेवा वाक्यं स्वतः जुळवतात, पण त्यांनाही कसं बोलायचं याच्या सूचना आणि नमुने माणसंच लिहून देतात. लिहिणाऱ्याचा तोल दोन बाजूंना जातो. एक तर 'हा प्रश्न सेवेच्या कक्षेत येत नाही' असं ठोकळेबाज वाक्य येतं आणि विचारणारा ओशाळतो. नाहीतर 'मी पंचवीस वर्षांची, माहेर साताऱ्याचं' अशी थाप येते. तिने हसू येतं, पण पुढचा प्रश्न 'साताऱ्यात कुठे?' असतो, आणि मग एक थाप सावरायला दुसरी मारावी लागते.

यातून वाट काढायला एक साधी कसोटी आहे. उत्तरातला विनोद काढून टाकायचा आणि जे उरतं ते वाचायचं. उरलेलं वाक्य खरं असेल आणि त्याने प्रश्नाचं उत्तर मिळत असेल, तर विनोद ठेवायला हरकत नाही. काहीच उरत नसेल, तर विनोदाच्या आडून उत्तर टाळलं गेलंय. खोटं उरत असेल तर ते उत्तर जाऊच द्यायचं नाही.

समजा, एका शहरबसची वेळापत्रक सांगणारी चॅट-सेवा आहे आणि तिचं नाव 'सोबत' ठेवलंय. नाव विचारलं तर ते सांगायचं, त्यात अडचण नाही. अडचण 'पूर्ण नाव सांग'पाशी येते. महाराष्ट्रात आडनावावरून जात, गाव, घराणं यांचा अंदाज बांधला जातो, त्यामुळे गंमत म्हणून चिकटवलेलं आडनावही कुणाला तरी आपलं वाटतं आणि कुणाला तरी परकं. इथे असं लिहिता येईल: 'नाव सोबत, एवढंच. मी बसच्या वेळा सांगणारा संगणकाचा प्रोग्राम आहे, म्हणून आडनाव नाही. बसचे नंबर मात्र भरपूर आहेत.' प्रोग्राम असल्याचं यात आलं आणि शेवटच्या वाक्याने विचारणाऱ्याला कामाकडेही वळवलं. तिथे 'सगळे नंबर तोंडपाठ' असं लिहिलं असतं तर ते तपासून बघावं लागलं असतं. सेवेत उपनगरी मार्ग नसतील, तर ती बढाईसुद्धा खोटी ठरते.

वयाच्या उत्तरात एक बारीक खाच आहे. 'दोन वर्षांची' असं लिहून ठेवलं की वर्षभरात ते चुकतं आणि दुरुस्त करायला कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा सेवा सुरू झाल्याचं साल सांगावं: '2023 साली सुरुवात झाली. वयाने लहान, पण हाफ तिकीट कुणी देत नाही!' सेवेमागचं मूळ तंत्र त्याआधीचं असू शकतं. पण विचारणाऱ्याला 'सोबत'चं वय हवं असतं, म्हणून सेवेचीच तारीख द्यायची.

मराठीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा 'तू मुलगा की मुलगी' या प्रश्नावर होते, आणि ती प्रश्न विचारला जाण्याआधीच सुरू झालेली असते. 'मी सांगतो' किंवा 'मी सांगते' यांतलं एक लिहिलं की क्रियापदानेच उत्तर देऊन टाकलं. नंतर 'मला लिंग नाही' म्हटलं तरी आधीची वीस वाक्यं उलट साक्ष देतात. सुदैवाने मराठीत यातून सुटायच्या वाटा आहेत. 'मी सांगेन', 'मी बघितलं', 'मला माहीत आहे', 'मी शोधत आहे' या रूपांत बोलणारा पुरुष की बाई हे कळत नाही. हिंदीत भविष्यकाळही लिंग दाखवतो, तिथे ही सोय कमी. म्हणून आधी सेवेची सगळी वाक्यं या रूपांत बसवून घ्यायची आणि मग उत्तर लिहायचं: 'दोन्हीही नाही, मी प्रोग्राम आहे. बसमध्ये मला राखीव सीटही लागत नाही.'

हा प्रश्न हलका वाटला तरी त्याला इतिहास आहे. युनेस्कोच्या 2019च्या अहवालाने बाईच्या आवाजात बोलणाऱ्या सहायकांवर बोट ठेवलं. लोक शिवीगाळ किंवा अश्लील बोलले तरी ते सहायक लाडिक उत्तरं देत, आणि बाईने हसून सोसायचं असतं ही समजूत त्यातून पक्की होते, असा त्याचा रोख होता. अहवालाचं शीर्षकच 'सिरी'च्या अशा एका उत्तरावरून घेतलं होतं. 2021मध्ये ॲपलने इंग्रजी सिरीसाठी बाईचा आवाज आपोआप लावणं थांबवलं आणि आवाजाची निवड वापरणाऱ्यावर सोपवली. लग्नाचा प्रश्न याच वाटेने चावट होत जातो. पहिल्यांदा 'लग्न नाही, कुटुंब नाही. मला बनवणारी माणसं मात्र आहेत' एवढं हसतखेळत पुरतं. बोलणं घसरलं की विनोद बंद करून कामाचं विचारायचं.

आणि कधी प्रश्न गमतीचा नसतोच. जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेचं. आपण तिला पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा म्हणून ओळखतो. एलायझा टाइप केलेलं वाक्य उलटवून प्रश्न करत असे, त्यापलीकडे तिला काही कळत नव्हतं. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन्‌महिने जवळून पाहिलं होतं. तरीही प्रोग्रामशी थोडं बोलणं होताच तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. यंत्र आहे हे ठाऊक असणं आणि बोलताना तसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून 'तू खरंच माणूस नाहीस ना?' हा प्रश्न वेगळा काढावा लागतो. गमतीतला प्रश्न सुरुवातीला येतो आणि बहुधा एकदाच. खरा प्रश्न मध्येच येतो, पुन्हा विचारला जातो, आणि त्याच्या आधी पैशाचं, आजाराचं किंवा घरातल्या दुःखाचं काही बोलणं झालेलं असतं. विचारणारं लहान मूल असलं तर ते वाक्यांवरून बरेचदा कळतं. अशा वेळी 'सोबत'साठी एवढंच लिहून ठेवायचं: 'नाही, मी माणूस नाही, संगणकाचा प्रोग्राम आहे. माणसाशी बोलायचं असेल तर मदतकेंद्राचा नंबर देऊ का?' यात विनोद नको आणि उद्गारचिन्हही नको. थट्टा की गंभीर हे ठरत नसेल, तरीही हेच उत्तर जावं. थट्टा करणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. पुढच्या वाक्याला तो पुन्हा गमतीवर येतो.

एक काम अनेकदा राहून जातं. तोच विनोद तिसऱ्यांदा आला की तो शिळा होतो, म्हणून प्रत्येक प्रश्नाला चार-पाच उत्तरं लिहून ठेवतात. ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी लिहिली जातात. मग एकात सेवा 2023ची असते, दुसऱ्यात 'कालच जन्म झाला' असतं आणि तिसऱ्यात कुठूनतरी एक मावशी उगवते. त्यामुळे सगळी उत्तरं एका कागदावर एकाखाली एक घेऊन, विनोद खोडून, उरलेली माहिती जुळते का ते सेवा सुरू होण्याआधी वाचून घ्यावं लागतं, आणि नवं उत्तर लिहिलं की पुन्हा एकदा.