न भेटलेल्या स्नेह्याला दिवाळीचा निरोप

दिवाळीत फोनवर पणत्या-रांगोळ्यांच्या तयार चित्रांचा पूर येतो. ती चित्रं पाठवणारे बहुतेक जण आपल्या नात्यातले किंवा कामातले असतात. प्रश्न पडतो तो एका वेगळ्याच माणसाचा. वर्षभर त्याच्याशी ऑनलाइन बोलणं होतं, एकमेकांच्या अडचणी सुटतात, पण त्याचं घर आपण पाहिलेलं नसतं. त्याला सणाचा निरोप पाठवावा, हे मनापासून वाटतं. पण किती जवळिकीनं लिहायचं?

एक उदाहरण घेऊ. नाशिकचा अनिरुद्ध आणि इंदूरच्या सुनीताताई. ओळख गच्चीवरच्या बागेमुळे झाली. अनिरुद्धचा कढीपत्ता नुसताच उंच वाढत होता. ताईंनी शेंडे खुडायला सांगितलं, म्हणजे खालून फुटवे येतात. त्यांच्या घरी कोण कोण असतं, हे त्याला ठाऊक नाही. तो असं लिहू शकेल:

‘नमस्कार सुनीताताई,
तुम्हाला दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. तुम्ही सांगितलंत तसे शेंडे खुडले होते. आता कढीपत्त्याला चार फुटवे आलेत आणि यंदाच्या चिवड्यात घरचाच कढीपत्ता पडला. त्याबद्दल खास आभार. सण आनंदात जावो.
अनिरुद्ध, नाशिक’

या निरोपाचा सगळा जीव चिवड्याच्या ओळीत आहे. ती ओळ दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. सुख, शांती, समृद्धी, आरोग्य ही माळ कुणालाही चालते, म्हणून ती कुणालाच आपली वाटत नाही. शिवाय चिवड्याची गोष्ट दोघांच्या बोलण्यातूनच आलेली आहे. जेवढी ओळख झाली तेवढंच लिहिलंय, त्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

म्हणूनच ‘साहेबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद’ इथे नाही. ताई एकट्या राहत असतील, तर तीच ओळ टोचेल. घरच्यांचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात आलेला असेल, तर ‘घरच्या सगळ्यांना’ जरूर लिहावं. ‘ताई’ आपल्याकडे अनोळखी बाईलाही म्हणतात, त्यात सलगी नाही. पण भाऊबीजेला मुद्दाम वेगळा निरोप पाठवून ‘तुमचा भाऊ’ अशी सही केली, तर न विचारता नातं गळ्यात घातल्यासारखं होतं. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं, तर ते वयानं मोठ्या माणसाला सुचवू द्यावं. सणाची संधी साधून आपण उडी मारू नये. हात जोडलेलं चिन्ह किंवा पणती चालेल; बदाम नकोत.

फराळ पाठवायचा म्हणून पत्ता विचारण्याचा मोह होतो. हेतू चांगला असला, तरी समोरच्याला पंचाईत होते. पत्ता द्यावा तर संकोच, नाही म्हणावं तर सणासुदीला तोडून बोलल्यासारखं. फोटो, फोन नंबर, ‘व्हिडिओ कॉल करू का?’ यांचंही तसंच. शुभेच्छेबरोबर कसलीच मागणी येऊ नये.

दिवसाचंही भान हवं. २०२४ मध्ये अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं, तर आपल्याकडच्या पंचांगांत ते १ नोव्हेंबरला होतं. २०२५ मध्येही दिल्लीकडे २० ऑक्टोबर आणि महाराष्ट्रात २१, असा फरक पडला. तमिळ घरांत दिवाळीचा मुख्य दिवस बहुधा नरक चतुर्दशी, तर बंगालात अमावस्येच्या रात्री कालीपूजा. म्हणून परगावच्या माणसाला लिहिताना ‘आज तुमच्याकडे लक्ष्मीपूजन’ असं ठामपणे लिहू नये. ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ सगळीकडे बसतं. अभ्यंगस्नानाच्या पहाटे फोन वाजवू नये आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाठवलेलं त्या गर्दीत बुडतं. धनत्रयोदशीची संध्याकाळ किंवा पाडव्याची दुपार मला सर्वांत बरी वाटते.

एका गोष्टीबद्दल मात्र फार जपायला हवं. घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, तर आपल्याकडे पुष्कळ घरांत त्या वर्षी सण करत नाहीत, आकाशकंदीलही लावत नाहीत. न भेटलेल्या माणसाचं दुःख आपल्याला बोलण्यातल्या एखाद्या वाक्यातूनच कळलेलं असतं, म्हणून लिहिण्याआधी मागचं बोलणं एकदा वाचून घ्यावं. तसं काही दिसलं, तर ‘शुभ दीपावली’ अजिबात नको. ‘यंदाचे हे दिवस तुम्हाला जड जातील, जाणीव आहे. काळजी घ्या. उत्तराची घाई नाही’ एवढं लिहावं. गप्प राहण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. त्या दिवसांत बाकीचे सगळे नकळत आनंदाची चित्रं पाठवत असतात.

आणि उत्तर आलं नाही तर? पुन्हा निरोप पाठवू नये, ‘मिळाला का?’ असंही विचारू नये. दिवाळीनंतर बागेचा एखादा खरा प्रश्न पडला की तोच विचारावा.

यंदा यादीतल्या सगळ्यांना एकच चित्र पाठवण्याआधी अशा एका स्नेह्याला स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा.