मार्चअखेरची मालमोजणी : तूट आधी तपासावी, मग नोंदवावी

अनेक व्यापारी घराण्यांत नव्या वहीचे पूजन दिवाळीला होते. प्राप्तिकराचे वर्ष मात्र १९८९ पासून सर्वांसाठी ३१ मार्चलाच संपते. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतील स्टीलच्या भांड्यांचा साठाही त्याच दिवशीच्या आकड्याने ताळेबंदात जातो. वहीतला आकडा आणि गोदामातला माल यांची गाठ त्या दिवशी पडते, आणि बहुधा दोघांत फरक निघतो.

तो फरक समजण्यासाठी मोजणीपूर्वी एक रेषा आखावी लागते. त्या क्षणी आवक वहीचा शेवटचा क्रमांक, शेवटचे चलन आणि शेवटचे बिल कोणते, हे कागदावर लिहून त्यावर सही घेतात. त्यापूर्वीचे सर्व व्यवहार जुन्या वर्षाचे, नंतरचे नव्या वर्षाचे. मोजणी सुरू असताना टेम्पो आलाच तर तो माल शटरजवळ वेगळा ठेवावा आणि मोजणीत धरू नये. मोजणाऱ्यांच्या कागदावर वहीतला आकडा नसावा. तो समोर असला की डोळा नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे, आणि मोजलेल्या थप्पीवर खडूची खूण करावी.

उदाहरणादाखल एका घाऊक व्यापाऱ्याचा गाळा घेऊ. डब्यांचा वहीतला साठा ४,८२० किलो. काट्यावर भरला ४,५०८. तूट ३१२ किलो, म्हणजे किलोला २१० रुपये खरेदीदराने ६५,५२० रुपये. एवढ्या आकड्याने पहिला संशय गोदाम सांभाळणाऱ्यावर जातो. पण आधी कागद पाहिले पाहिजेत.

रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चार-पाच दिवसांची बिले, चलने व आवकनोंदी एकमेकांशी ताडल्या. पुरवठादाराचे ३१ मार्चचे १२० किलोचे बिल खरेदीत चढले होते. माल मात्र २ एप्रिलला पोहोचला. सौद्याच्या अटींनुसार माल रवाना होताच मालकी खरेदीदाराकडे आली होती, म्हणून तो ‘वाटेवरील माल’ ठरतो, तूट नव्हे. त्यावरील जीएसटीची वजावट मात्र माल हाती आल्यावरच घेता येते. दुसऱ्या बाजूला, ३० मार्चला चलनावर ८५ किलो माल ग्राहकाकडे गेला होता आणि बिल फाडले १ एप्रिलला. ही विक्री जुन्या वर्षाचीच. मुळात विक्रीचा माल बाहेर पडण्यापूर्वी किंवा पडताना बिल व्हायला हवे होते.

आणखी ७० किलो डबे पॉलिशसाठी बाहेर होते. चलन होतेच, पॉलिशवाल्याकडून लेखी पुष्टीही घेतली. माल त्याच्या छपराखाली असला तरी साठा मालकाचाच. उरलेल्या ४२... नव्हे, ३७ किलोंपैकी २२ किलोंचे उत्तर काट्यात सापडले : आवक खोक्यांसह तोलली गेली होती, मोजणीत मात्र मोकळे डबे तोलले. पुरवठादारानेही खोक्यांसह वजन लावले असेल, तर ती रक्कम त्याच्याकडून क्रेडिट नोटने परत मागता येते.

शेवटी १५ किलो उरले, म्हणजे ३,१५० रुपये. त्यांचे उत्तर कागदांत मिळाले नाही. मोजणी किती कमी हे सांगते, का कमी हे सांगत नाही; म्हणून पुराव्यावाचून त्याला चोरी म्हणता येत नाही. दुसऱ्या माणसाकडून फेरमोजणी करून ही तूट खरेदीदराने ‘साठा तूट’ या स्वतंत्र खात्यात नावे टाकावी. सोबत तारीख, वजन, तपासाचा तपशील आणि मालकाची सही असावी. निर्लेखित केलेल्या किंवा हरवलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट कलम १७(५)(एच) नुसार मिळत नाही. ती परत करावी लागते. पुढचे तीन महिने याच डब्यांची दरमहा मोजणी केली, तर तूट एकदाच पडली की झिरपते आहे, हे कळते.

संगणकावर Tally मधील Physical Stock व्हाउचरने वहीतला साठा क्षणात मोजलेल्या आकड्याइतका करता येतो. तपासापूर्वीच तसे केले, तर ३१२ किलोंचा फरक पडद्यावरून जातो आणि नफ्यातील घट होऊन मुरतो. वाटेवरचा माल, राहून गेलेले बिल, पॉलिशचे डबे आणि खरी तूट मग वेगळी काढता येत नाहीत, आणि गोदाम सांभाळणाऱ्यावरचा संशय मात्र ६५,५२० रुपयांचाच राहतो.