डोळे आले? लेन्स आधी काढा. पुन्हा कधी घालायची तेही वाचा

डोळा लाल झाला, टोचू लागला किंवा चिपडं येऊ लागली, तर कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढून चष्मा लावावा. लेन्सखाली जंतू अडकून राहतात. बुबुळाला बारीक जखम झाली असेल तर ती चिघळते, फूल पडतं आणि नजर कायमची अधू होऊ शकते.

लेन्स काढूनही दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉईड असेल तर लाली उतरते, पण आतला संसर्ग वाढू शकतो.

साध्या सर्दीत डोळा स्वच्छ असेल तर साबणाने हात धुऊन, कोरडे करून लेन्स घालता येते. ॲलर्जीने डोळा खाजत असेल, तर खाज थांबेपर्यंत लेन्स नको. चोळल्याने बुबुळ खरचटतं.

समजा, सोमवारी डोळे आले आणि डॉक्टरांनी सात दिवस थेंब दिले. चौथ्या दिवशी लाली गेली म्हणून लेन्स घालायची नाही. थेंबांचा कोर्स संपावा, त्यानंतर निदान एक दिवस डोळा पांढरा राहावा आणि डॉक्टरांनी तपासून होकार द्यावा. आजारपणातली लेन्स, डबी आणि उघडलेलं सोल्युशन फेकून द्या. नवी लेन्स पहिल्या दिवशी दोन-तीन तासच घाला. पुन्हा टोचली, तर काढा आणि डॉक्टरांना दाखवा.